सॉसेजच्या पाकिटावरचा स्टिकर काढला तेव्हा कळलं

बाबांना मधुमेह आहे. नाश्त्याला पोहे-उपमा बंद केल्यावर मी पुण्यातल्या एका फ्रोझन मालाच्या दुकानातून चिकन सॉसेज आणू लागलो. पाकिटावर दुकानदाराचा स्टिकर होता : ‘भरपूर प्रोटीन, प्रिझर्व्हेटिव्ह नाही’. दोन आठवडे बाबा रोज चार सॉसेज खात होते, आणि नाश्त्यानंतरची साखर काही केल्या उतरत नव्हती.

एका सकाळी पाकीट उलटं केलं. मागे दुकानाचा किमतीचा मोठा स्टिकर बरोबर घटकांच्या यादीवर चिकटवलेला. नखाने खरवडून काढला. खाली होतं : चिकन ६० टक्के, पाणी, खाद्यतेल, सोया प्रथिन, टॅपिओका स्टार्च, मीठ, मसाले आणि शेवटी दोन मिश्रकांचे क्रमांक, आयएनएस ४५१, आयएनएस २५०.

यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात. सॉसेजमध्ये मीठ साधारण दोन टक्के असतं, म्हणजे मिठाच्या आधी आलेला स्टार्च त्याहून जास्तच. पोषणमूल्यांच्या तक्त्यात तर तो सरळ दिसतो. नुसत्या चिकनमध्ये कर्बोदकं जवळपास नसतातच. इथे १०० ग्रॅमला ९ ग्रॅम होती. बाबांची चार सॉसेज मिळून १६० ग्रॅम, म्हणजे १४ ग्रॅम कर्बोदकं. पोहे-उपमा बंद करून मी त्यांना जवळपास एक लहान पोळी रोज सॉसेजमधून देत होतो! प्रोटीन ११ ग्रॅम लिहिलं होतं, पण त्यातलं काही सोयाचं. साध्या कच्च्या चिकनमध्येच ते वीसच्या आसपास असतं.

आयएनएस ४५१ म्हणजे फॉस्फेट, ते पाणी धरून ठेवतं, म्हणजे मी पाण्याचेही पैसे मोजत होतो. पाकीट ५०० ग्रॅमचं, २८० रुपयांना. त्यात चिकन ३०० ग्रॅम, म्हणजे किलोला ९३३ रुपये पडले. त्याच दुकानात बोनलेस चिकन ४०० रुपये किलो होतं.

आयएनएस २५० म्हणजे सोडियम नायट्राइट. यादीत ते ‘रंग टिकवणारा घटक’ म्हणून छापलं होतं, त्यामुळे प्रिझर्व्हेटिव्ह हा शब्द शोधणाऱ्याला ते सापडतच नाही. नायट्राइट घालायला परवानगी आहे, बोट्युलिझमचे घातक जंतू ते रोखतं, म्हणून कंपनीला मी दोष देत नाही. माझा राग ‘प्रिझर्व्हेटिव्ह नाही’ म्हणणाऱ्या स्टिकरवर आहे. शिजवल्यावरही सॉसेज गुलाबी राहिलं तर लगेच यादी बघावी. बिटाच्या रंगानेही गुलाबी दिसतं, म्हणून रंगावरून निकाल लावू नये.

दुकानदाराला पाकीट दाखवलं, तर म्हणाला, “अहो दादा, किमतीचा स्टिकर आहे, कुठेतरी लावावाच लागतो.” मी दोन्ही बाजूंचे फोटो जोडून एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे तक्रार केली आहे.

आता फ्रीजरसमोरच पाकीट उलटं करतो. यादीवर स्टिकर दिसला तर तिथेच काढायला सांगतो. नाही म्हणाले तर पाकीट परत आत ठेवतो.