'इ.' या एका अक्षरात माझे 4,22,000 गेले

घर बांधून घेताना ठेकेदार कसे गुंडाळतात हे तुम्हाला सांगायला नको. मलाही माहीत होतं, तरी फसलो. करारनाम्याचं पानन् पान मी वाचलं होतं, म्हणजे मी बेसावध होतो असं कुणी म्हणू नये. फसलो ते शेवटच्या एका कागदावर, प्रॅक्टिकल कम्प्लीशन सर्टिफिकेटवर, म्हणजे घर वापरण्याइतपत पूर्ण झालं या दाखल्यावर.

काम 46,00,000 चं. रिटेन्शन, म्हणजे काम नीट होईपर्यंत मी रोखून ठेवायची रक्कम, 5 टक्के, म्हणजे 2,30,000. त्यातले अर्धे या सर्टिफिकेटवर सुटणार, अर्धे स्नॅगिंगची, म्हणजे राहिलेली किरकोळ कामं उरकायची मुदत संपल्यावर. उशीर झाला तर आठवड्याला अर्धा टक्का, म्हणजे 23,000 दंड. काम संपवायची तारीख 31 मार्च होती. प्रत्यक्षात पाहणी झाली 12 मे रोजी. सहा आठवडे उशीर, दंड 1,38,000.

त्या दिवशी मी आणि ठेकेदार गच्चीवर उभे होतो. पाणी जायच्या नळीच्या तोंडाशी कॉलरभोवती फट होती, माझी करंगळी आत जात होती. मी दाखवली. तो म्हणाला, "लिस्टमध्ये घेतलंय साहेब." लिस्टमध्ये सातव्या ओळीत होतं: 'गच्ची – फिनिशिंग इ.' हे 'इ.' म्हणजे काय, असं मी विचारलंसुद्धा! "अहो, ती लिहायची पद्धत असते." आणि मी पेन उघडलं. तीन दिवसांत भाड्याचं घर सोडायचं होतं, सामान बांधून पडलं होतं. तरी अजून ते पेन आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

आता त्या कागदातली मेख बघा. मजकूर असा होता: 'काम दि. 31 मार्च रोजी व्यवहारतः पूर्ण झाले असून सोबतच्या यादीतील किरकोळ कामे 60 दिवसांत केली जातील. यादीव्यतिरिक्त मालकाची कोणतीही तक्रार नाही.' सही 12 मेची, पण काम पूर्ण झाल्याची तारीख 31 मार्च. त्या एका तारखेनं दंड शून्य झाला. वर 60 दिवसही 31 मार्चपासून मोजले गेले, म्हणजे मुदत 30 मेला संपली. माझ्या हातात उरले फक्त 18 दिवस. एक मिस्त्री येऊन दोन दारं घासून गेला, फटीत मूठभर सिमेंट थापलं, यादीवर 'पूर्ण' लिहिलं. 2 जूनला मी उरलेले 1,15,000 देऊनही मोकळा झालो.

पहिल्याच मोठ्या पावसात खालच्या खोलीचं छत ओलं झालं. नवीन माणसानं नळी उकरून दाखवली: वॉटरप्रूफिंगचा थर कॉलरपर्यंत आणलेलाच नव्हता. पाणी साठवून टेस्टही झाली नव्हती. दुरुस्ती 2,84,000, बुडालेला दंड धरून 4,22,000. न तपासलेलं वॉटरप्रूफिंग हे किरकोळ काम नव्हेच. ते यादीत घालायचं नसतं, त्यासाठी सर्टिफिकेटच अडवायचं असतं.

मग सुरू झाले हेलपाटे. पोलीस म्हणाले, दिवाणी बाब आहे. ठेकेदारांची नोंदणी करणारं ऑफिस म्हणालं, आम्ही नोंदणी करतो, भांडणं मिटवत नाही. तिथल्या बाईंनी अर्ज घेतला, शिक्का मारला आणि पोच देताना विचारलं, "पण सही तुमचीच ना?" सर्टिफिकेट देणारा आर्किटेक्ट म्हणाला, "तुम्ही वाचूनच सही केलीत." तो ठेकेदारानंच सुचवलेला होता, हेही तेव्हाच खटकायला हवं होतं! वकिलानं सांगितलं, झाकलेल्या दोषावर भांडता येईल, पण 'तक्रार नाही' हे वाक्य आधी उखडावं लागेल. म्हणजे वर्षं. शिक्के मारायला सगळे आहेत, फटीत बोट घालून बघायला कुणी नाही.

सही करायची असेल तर मजकूर स्वतः लिहा. माझा आता असा असता: 'काम 12 मे रोजी व्यवहारतः पूर्ण झाले. परिशिष्ट अ (2 पाने, 11 बाबी, दोन्ही पक्षांच्या सह्या) मधील कामे या तारखेपासून 30 दिवसांत पूर्ण करावीत. न केल्यास मालक 7 दिवसांची लेखी सूचना देऊन ती दुसऱ्याकडून करून घेईल व खर्च राखीव रकमेतून वळता करील. या प्रमाणपत्रामुळे नंतर आढळणाऱ्या दोषांबाबत ठेकेदाराची जबाबदारी कमी होत नाही.' हे शेवटचं वाक्य सोडू नका. यादीतली कामं वेगळी, पुढे उघडे पडणारे दोष वेगळे. माझ्या कागदात दोन्ही एकत्र पुरले गेले.

आणि यादीतली ओळ अशी हवी: 'जिन्याचा कठडा, तिसरी पायरी, वेल्डिंग सुटलेले; जोडून, घासून, रंग देणे.' जागा, दोष, काय केलं की झालं समजायचं. आकडा घाला. 'पूर्ण' मिस्त्रीनं नाही, तुम्ही लिहायचं.

नवीन माणसाच्या कागदावर मी हेच लिहिलं. तो कुरकुरला, "एवढं कोण लिहितं?" मी त्याला गच्चीवर नेलं. 48 तास पाणी साठवलं, खाली छताला हात लावून पाहिला, कोरडा निघाला, मगच पेन काढलं.