आकड्यांची यादी अक्षरी करायची आहे? नियम, तयार लायब्ररी की शंभर शब्दांचा तक्ता

शाहू मार्केट यार्डातल्या गुळाच्या पट्ट्या असोत, ऊसबिलं असोत की पतसंस्थेचे धनादेश, छापताना रकमेखाली 'अक्षरी रुपये' ही ओळ लागतेच. एखाद-दुसरी पट्टी हातानं लिहिता येते, पण दोन-तीनशे रकमांची यादी असेल तर प्रोग्रॅम लागतो. तो प्रोग्रॅम करायचे तीन मार्ग आहेत: एकक-दशक जोडून शब्द तयार करणारा नियम, कुठून तरी मिळालेली तयार लायब्ररी, किंवा शून्यापासून नव्व्याण्णवपर्यंतचे शंभर शब्द सरळ लिहून ठेवलेला तक्ता. आमचं मत तक्त्याच्या बाजूचं आहे. पण बाकीच्या दोन मार्गांत नेमकं काय बिनसतं ते कळल्याशिवाय तक्ता तपासायचा कसा हेही कळत नाही, म्हणून आधी ते पाहू.

नियमाचा मोह समजण्यासारखा आहे. एकवीस, एकतीस, एकसष्ट हे पाहिलं की 'एक' अधिक दशक एवढंच वाटतं. पण त्याच 'एक'चं पुढे एक्केचाळीसमध्ये 'एक्के' होतं, एक्कावन्नमध्ये 'एक्का' आणि एक्क्याऐंशीत 'एक्क्या'. पाचाची कथा याहून लांब आहे: पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस, पंचावन्न, पासष्ट, पंच्याहत्तर. सहा दशकांत सहा रूपं. एक ते आठ या एककांची वीस ते नव्वदमधली सगळी रूपं वेगळी काढली तर आमच्या फोडीप्रमाणे ती सदतीस भरतात. दशकाची बाजूही स्थिर नाही. पन्नासचं कुठे 'वन्न' होतं तर कुठे 'पन्न', साठचं 'सष्ट', सत्तरचं 'हत्तर', नव्वदचं 'ण्णव'. बत्तीस आणि छत्तीस यांत 'त' दुप्पट होतो, चौतीस आणि सदतीस यांत होत नाही. शहात्तरमध्ये 'शहा' आणि 'हत्तर' यांतला एक 'ह' गळतो.

चाळीस, ऐंशी आणि नव्वदच्या घरात नियम बऱ्यापैकी चालतो, हे मान्य. बेचाळीस, त्रेचाळीस, पंचेचाळीस सगळे 'ए'कारावर येऊन 'चाळीस'ला जुळतात. ऐंशी-नव्वदच्या घरात बहुतेक एककांना 'या' लागतो. पण वीस, तीस, पन्नास आणि साठच्या घरात नियमापेक्षा अपवाद जास्त होतात. चौसष्ट शब्द वाचवायला सदतीस तुकडे आणि ते कुठे लावायचे याच्या अटी लिहिणं म्हणजे कष्ट वाढवणंच.

खरा धोका मात्र या रूपांत नाही, नऊच्या आकड्यांत आहे. मराठीत एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. शब्दात दशक येतं ते पुढचं, आकड्यात दिसतं ते नव्हे. ५९ आकडा आला, प्रोग्रॅमनं दशक ५ घेतलं, एकक ९ घेतलं, आणि 'एकोण' अधिक 'पन्नास' असं जोडलं, की 'एकोणपन्नास' तयार. हा शब्द अगदी शुद्ध आहे, फक्त तो ४९ चा आहे. शुद्धलेखन तपासणारं कुठलंही साधन तो पकडणार नाही आणि घाईत वाचणाराही ओळखणार नाही. रक्कम ५९,००० असेल तर छापील ओळ म्हणते एकोणपन्नास हजार, म्हणजे दहा हजार कमी. धनादेशावर याचा परिणाम गंभीर असतो: परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १८ प्रमाणे आकडा आणि अक्षर यांत फरक पडला तर अक्षरी रक्कम ग्राह्य धरली जाते.

आता कोणी म्हणेल, नऊ आला की पुढचं दशक घ्या, झालं. एकोणतीसपासून एकोणनव्वदपर्यंत ते बरोबर चालतं. ९९ ला मात्र तो नियम कोसळतो, कारण तिथे एकोणशंभर नसून नव्व्याण्णव आहे.

नियमाचा आणखी एक भाऊबंद म्हणजे 'साठ तीन', 'वीस एक' ही पद्धत. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात संख्यावाचनाची ही रीत आली आणि त्यावर महाराष्ट्रभर वाद झाला. लहान मुलाला एकक-दशक समजायला ती उपयोगी पडते आणि प्रोग्रॅम म्हणून ती तीन ओळींत बसते, चुकीला जागाच नाही. तरीही पट्टीवर किंवा धनादेशावर ती नको. 'साठ तीन हजार' वाचणारा क्षणभर अडतो, आणि पैशाच्या कागदावर वाचणारा अडलेला चालत नाही.

तयार लायब्ररीबद्दल सरसकट नाही म्हणता येत नाही. चांगली असेल तर वेळ वाचतो. पण 'भारतीय भाषा' म्हणून मिळणाऱ्या संचात हिंदीचा तक्ता थोडा रंगरंगोटी करून मराठीला लावलेला असू शकतो, आणि तो ओळखायची खूण आहे ८९. हिंदीत ८९ ला नवासी म्हणतात, म्हणजे तिथे नव्वदातून एक वजा केलेला नाही, मराठीत एकोणनव्वद. हिंदीच्या साच्यातून काढलेली लायब्ररी नेमकी इथे घसरते. म्हणून विकत किंवा फुकट काहीही घ्या, आधी २९, ३३, ४६, ५६, ५९, ६६, ७६, ७९, ८४, ८९, ९९ आणि १०० हे बारा आकडे तिला देऊन बघा. त्यातला एक जरी चुकला तर दुरुस्ती करत बसू नका, सोडून द्या. दुसरी अडचण लाखांची: काही साधनं १,७९,०६६ ला 'एकशे एकोणऐंशी हजार सहासष्ट' म्हणतात, कारण त्यांचे गट तीन-तीन आकड्यांचे असतात.

उरला तक्ता. शंभर शब्द, दहा ओळी, प्रत्येक ओळीत एक दशक. ही फाईल `sankhya.txt` म्हणून ठेवायची:

```
शून्य एक दोन तीन चार पाच सहा सात आठ नऊ
दहा अकरा बारा तेरा चौदा पंधरा सोळा सतरा अठरा एकोणीस
वीस एकवीस बावीस तेवीस चोवीस पंचवीस सव्वीस सत्तावीस अठ्ठावीस एकोणतीस
तीस एकतीस बत्तीस तेहेतीस चौतीस पस्तीस छत्तीस सदतीस अडतीस एकोणचाळीस
चाळीस एक्केचाळीस बेचाळीस त्रेचाळीस चव्वेचाळीस पंचेचाळीस सेहेचाळीस सत्तेचाळीस अठ्ठेचाळीस एकोणपन्नास
पन्नास एक्कावन्न बावन्न त्रेपन्न चोपन्न पंचावन्न छप्पन्न सत्तावन्न अठ्ठावन्न एकोणसाठ
साठ एकसष्ट बासष्ट त्रेसष्ट चौसष्ट पासष्ट सहासष्ट सदुसष्ट अडुसष्ट एकोणसत्तर
सत्तर एक्काहत्तर बाहत्तर त्र्याहत्तर चौऱ्याहत्तर पंच्याहत्तर शहात्तर सत्त्याहत्तर अठ्ठ्याहत्तर एकोणऐंशी
ऐंशी एक्क्याऐंशी ब्याऐंशी त्र्याऐंशी चौऱ्याऐंशी पंच्याऐंशी शहाऐंशी सत्त्याऐंशी अठ्ठ्याऐंशी एकोणनव्वद
नव्वद एक्क्याण्णव ब्याण्णव त्र्याण्णव चौऱ्याण्णव पंच्याण्णव शहाण्णव सत्त्याण्णव अठ्ठ्याण्णव नव्व्याण्णव
```

यावर चालणारा पायथनचा कोड एवढाच:

```python
naav = open("sankhya.txt", encoding="utf-8-sig").read().split()
assert len(naav) == 100 and len(set(naav)) == 100

def akshari(n):
    if n == 0:
        return naav[0]
    out = []
    for kimmat, shabd in ((10**7, "कोटी"), (10**5, "लाख"), (1000, "हजार")):
        k, n = divmod(n, kimmat)
        if k:
            out.append(naav[k] + " " + shabd)
    if n == 100:
        out.append("शंभर")
    else:
        k, n = divmod(n, 100)
        if k:
            out.append(naav[k] + "शे")
        if n:
            out.append(naav[n])
    return " ".join(out)
```

दुसऱ्या ओळीतला `assert` टाळू नका. एखादा शब्द टंकताना गळला तर त्यापुढची सगळी नावं एका घरानं मागे सरकतात आणि ५८ ला एकोणसाठ छापलं जातं. शब्द शंभर भरतात का आणि त्यांत पुनरावृत्ती नाही ना, हे ती ओळ सुरुवातीलाच बघते. `utf-8-sig` लिहिलंय ते नोटपॅडसाठी. फाईलच्या सुरुवातीला तो कधी कधी न दिसणारी खूण टाकतो, ती 'शून्य'ला चिकटू नये म्हणून.

गुळाच्या पाच पट्ट्यांच्या रकमा घेऊन बघू. २८,४५९ देतो अठ्ठावीस हजार चारशे एकोणसाठ. १,७९,०६६ देतो एक लाख एकोणऐंशी हजार सहासष्ट. इथे शेकड्याच्या जागी शून्य आहे, तरी 'शून्यशे' असं काही येत नाही. ८४,०३३ देतो चौऱ्याऐंशी हजार तेहेतीस. ३,००,१०० देतो तीन लाख शंभर, कारण शेवटचे तीन आकडे नेमके शंभर आले की 'एकशे' न म्हणता 'शंभर' म्हणायची अट वेगळी घातली आहे. १०१ आला की परत एकशे एक. ९९,०९९ देतो नव्व्याण्णव हजार नव्व्याण्णव. मर्यादा नव्व्याण्णव कोटींपर्यंत. त्यापुढे कोड चूक दाखवून थांबतो, आणि ते चुकीची ओळ छापण्यापेक्षा बरं.

यादी एक्सेलमधून येत असेल तर रकमेतले स्वल्पविराम आधी काढावे लागतात, `int("1,79,066")` चालत नाही. देवनागरी आकड्यांची काळजी नको, `int("५९")` पायथनला कळतं. पैसे असतील तर दशांश अपूर्णांक न वापरता सगळी रक्कम पैशांत पूर्णांक म्हणून ठेवा आणि शंभरानं भागून रुपये व पैसे वेगळे अक्षरी करा.

तक्त्याची खरी अडचण टंकनाची आहे, आणि ती ७४, ८४, ९४ या तीन ठिकाणी दडलेली असते. चौऱ्याऐंशीतला अर्धा र चंद्रकोरीसारखा दिसायला हवा. साधा र, हलन्त आणि य टंकला तर रफार वर चढतो आणि शब्द वेगळाच दिसतो. बरोबर अक्षर `U+0931`, म्हणजे ऱ, त्यापुढे हलन्त आणि य. काही कीबोर्ड त्याऐवजी साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण (`U+200D`) वापरतात. डोळ्याला दोन्ही सारखंच दिसतं, पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. छापायलाच वापरणार असाल तर फरक पडत नाही. उलट्या दिशेनं अक्षरावरून आकडा शोधायचा असेल, किंवा जुन्या पट्ट्यांशी ताडायचं असेल, तर सगळीकडे एकच रूप ठेवा.

वर्णलेखनाचंही तसंच. तेहेतीस-तेहतीस, सेहेचाळीस-शेहेचाळीस, नव्व्याण्णव-नव्याण्णव अशी जोडरूपं कागदोपत्री दिसतात. एका कार्यालयात एकच रूप ठरवून तक्त्यात टाका. तक्ता एकाच फाईलमध्ये असल्यामुळे पुढे बदलायचं झालं तरी एका जागी बदललं की सगळ्या पट्ट्यांवर उमटतं. नियमाच्या कोडात हेच करायला अटींच्या जंगलात शिरावं लागतं.

तपासणी कशी करायची? कोडची तपासणी संगणक करतो, पण शब्द बरोबर आहेत का हे दोन माणसांनीच बघावं: एकानं ० ते ९९ आकडे क्रमानं न घेता मधूनच सांगावेत, दुसऱ्यानं छापलेल्या यादीतला शब्द मोठ्यानं वाचावा. क्रमानं वाचलं की जीभ पाठांतरावर पुढे सरकते आणि डोळा चुकलेला शब्द पाहतच नाही. नऊचे नऊ आकडे, १९ ते ९९, शेवटी वेगळे एकदा वाचून घ्यावेत.