यात्रेतला ‘दातातलं विष ओढणारा’ संच आणि काकांची गेलेली दाढ

मी नांदेडला एका दातांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून काम करते. माझे चुलते लोहा तालुक्यात शेती करतात. मागच्या मार्गशीर्षात माळेगावच्या यात्रेत त्यांना एका पालावर दातांच्या इलाजाचा संच विकला गेला. त्यात ‘शुद्ध खोबरेल’ची बाटली, लवंगतेलाची छोटी कुपी आणि काळसर पावडर होती. किंमत अठराशे रुपये, पावती नाही. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं की रोज तेलाची गुळणी केली की दातातली कीड, पायरिया आणि साखर, तिन्ही मुळापासून जातात. असेच संच आता आठवडी बाजारांतही दिसायला लागलेत, म्हणून विकणाऱ्याची युक्ती नीट सांगते.

पालावर काकांना चमचाभर तेल तोंडात घोळवायला लावलं आणि मग गार पाण्याच्या काचेच्या भांड्यात थुंकायला सांगितलं. पाण्यावर पांढरट तुकडे तरंगले. विक्रेता म्हणाला, “हे बघा मामा, दाढेतला पू निघायलाय.” भोवतीच्या माणसांनी डोळ्यांनी पाहिलं, मग कोण कशाला शंका घेईल?

तो पू नव्हता. कुठलंही खाद्यतेल लाळेबरोबर दहा-पंधरा मिनिटं घोळवलं की त्याचे बारीक थेंब होतात आणि ते दुधासारखं पांढरं, पातळ होतं. ताक घुसळताना फेस येतो तसंच हे आहे. बत्तीसही दात धडधाकट असलेल्या माणसाने केलं तरी रंग तोच येतो. त्यातून खोबरेल साधारण 24 अंशांच्या खाली गोठायला लागतं. डिसेंबरात भल्या सकाळी भरून ठेवलेल्या पाण्यात त्याचे तुकडे होणारच. विक्रेत्याने वेळ आणि भांडं दोन्ही विचार करून निवडलं होतं.

पुढची गोष्ट जास्त चीड आणणारी आहे. काकांनी घरी आणलेली बाटली त्याच थंडीत ओसरीवर होती. काकूंचं डोक्याला लावायचं खोबरेल डब्यात दगडासारखं झालेलं, आणि शेजारची ही बाटली पाण्यासारखी पातळ. म्हणजे दाखवायला खरं खोबरेल होतं, विकायला दुसरंच काहीतरी. आत काय होतं ते बाटलीवरून कळायला मार्ग नव्हता, कारण लेबलवर घटक, परवाना क्रमांक, बॅच, तारीख यातलं काहीच छापलेलं नव्हतं. असलं तेल रोज तोंडात धरायचं!

पण काकांचं खरं नुकसान लवंगतेलाने झालं. त्यांच्या खालच्या उजव्या दाढेला मोठी पोकळी होती. गार पाणी लागलं की ठणका उठायचा आणि तो बराच वेळ जायचा नाही. रात्री तर झोप लागायची नाही. ठणका असा रेंगाळायला लागला की समजावं, कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचली आहे. डॉक्टरांनी रूट कॅनल सांगितलं होतं. पैसे आणि नांदेडच्या फेऱ्या, दोन्हींमुळे ते लांबलं.

संचातलं लवंगतेल कापसावर घेऊन दाढेत भरलं की ठणका थांबायचा. ते साहजिक आहे. लवंगतेलात युजेनॉल भरपूर असतं, ते नस बधिर करतं आणि जंतूंनाही काहीसं रोखतं. दातांचे डॉक्टरसुद्धा युजेनॉल झिंक ऑक्साइडमध्ये कालवून तात्पुरतं सिमेंट भरतात. पण ठणका दबला म्हणून पोकळी बुजत नाही आणि आतली कीडही थांबत नाही. काही दिवसांनी काकांची दाढ तेल न लावताही दुखेना. त्यांनी मला फोनवर सांगितलं, “पोरी, तेलानं समदं वढून काढलं बघ. आता गार पाणीबी लागत नाही.” ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला. इतकं ठणकणाऱ्या दाढेला एकाएकी गारसुद्धा जाणवेनासं झालं, तर बहुतेक वेळा आतली नस मेलेली असते. मेलेली नस दुखत नाही, पण जंतू मुळाच्या टोकातून हाडात उतरत राहतात. “काका, उद्याच या,” म्हणून मी विनवलं. विक्रेत्याने मात्र त्यांना आधीच बजावून ठेवलं होतं की मधेच मशीन लावलं तर विष डोक्यात चढतं. ते आले नाहीत.

आले तेव्हा जबडा सुजलेला, अंगात ताप, आणि तोंड दोन बोटांएवढंही उघडत नव्हतं. हिरडीवर पांढरा चट्टा होता, निर्मळ लवंगतेल वारंवार लागून भाजलेला. क्ष-किरण चित्रात मुळाच्या टोकाशी काळी सावली दिसली, म्हणजे तिथलं हाड विरघळलेलं. डॉक्टरांनी पू काढला, प्रतिजैविकं दिली. वरचा भाग इतका किडलेला होता की दाढ वाचवता आली नाही, ती काढावी लागली. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास व्हायला लागला असता तर जिवावरच बेतलं असतं.

तेलाची गुळणी मुळात वाईट नाही, तिच्या नावावर हा धंदा चालतो याचं मला दुःख आहे. आयुर्वेदात तिचे दोन प्रकार सांगितलेत: तोंड भरून तेल नुसतं धरणं म्हणजे गंडूष आणि थोडं घेऊन खळखळवणं म्हणजे कवल. तिळाचं तेल त्यासाठी जुन्या काळापासून वापरतात. आपल्याकडे घाण्याचं तीळतेल सहज मिळतं, वेगळा संच लागत नाही. छोट्या अभ्यासांत दातांवरचा मऊ थर आणि जंतू काही प्रमाणात कमी झालेले दिसलेत. तोंडाचा वासही कमी होतो. पण हा मऊ थर एकदा कडक झाला की तेल त्याला हलवू शकत नाही, तो दवाखान्यातच खरवडून काढावा लागतो. पडलेली पोकळी तेलाने भरत नाही, आणि तेल रक्तातली साखर बाहेर ओढत नाही.

करायचीच तर सकाळी उपाशीपोटी एक चमचा घ्या, जमेल तितका वेळ हलकेच घोळवा, न गिळता कचऱ्यात थुंका (मोरीत नको, खोबरेल असेल तर थंडीत गोठून पाइप तुंबतो) आणि नंतर नेहमीसारखे दात घासा. लहान मुलांना आणि ठसका लागणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना देऊ नका. तेल श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो. लवंगेची गुळणी हवी असेल तर चार-पाच लवंगा पेलाभर पाण्यात उकळून कोमट करा. त्याने वास जातो, किंचित बधिरता येते, एवढंच. निर्मळ लवंगतेल थेट लावू नका. अगदीच नड पडली तर एक थेंब चमचाभर खोबरेलात मिसळून कापसाने दातापुरतं लावा, तेही दवाखान्यात पोचेपर्यंत. ती कुपी मुलांच्या हाताला लागू देऊ नका, पोटात गेली तर घातक आहे.

असा संच कुणी घेतलाच असेल तर बाटली, कागद आणि वेष्टन फेकू नका. साखर बरी करतो अशी जाहिरात करायला 1954 च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिरात) कायद्यानेच बंदी आहे. त्यामुळे तो छापील कागद हाच सगळ्यात भक्कम पुरावा. जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. पैसे मोबाइलवरून दिले असतील तर त्या व्यवहाराची नोंदही जोडा. आम्ही रोख दिले होते, त्यामुळे विक्रेत्याचा माग लागला नाही, पण काकांचा कागद आणि अर्धी बाटली कार्यालयात जमा आहे.