वॉशिंग मशीनची वाढीव वॉरंटी: १६ महिन्यांनी रद्द, परतावा किती?

वॉरंटीपेक्षा तिच्या रद्द करण्याच्या कलमाबद्दल लिहितोय, कारण पैसे तिथेच अडकतात. मशीन १० जानेवारी २०२४ चं. कंपनीची वॉरंटी एक वर्ष, त्यापुढे दोन वर्षांचा प्लॅन ३,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३,५४०. १६ महिन्यांत एकही तक्रार नोंदवली नव्हती. हे महत्त्वाचं, कारण एकदा दुरुस्ती घेतली की अनेक प्लॅन परतावाच देत नाहीत.

२० महिने शिल्लक, एवढं सगळ्यांना मान्य. भांडण भागायचं कशाने यावर. प्लॅन सुरू झाला १० जानेवारी २०२५ ला, म्हणून २४ ने भागायचं: ३,००० × २० ÷ २४ = २,५०० रुपये. दुकानाच्या पहिल्या हिशोबात मात्र खरेदीपासूनचे ३६ महिने धरले होते, त्यामुळे आकडा १,६६७ वर आला. पहिल्या वर्षी दुरुस्तीचा भार कंपनीवर होता, प्लॅनवाल्याने काहीच दिलं नव्हतं. ते १२ महिने ‘वापरलेले’ कसे? प्लॅनच्या कागदावर ‘सुरू होण्याची तारीख’ छापलेली असते. तिच्यावर बोट ठेवून ईमेल केला की हा मुद्दा बहुधा सुटतो. तोंडी बोलण्यात वेळ घालवू नका. महिना चालू झाला की पूर्ण धरतात, म्हणून अर्ज महिना भरायच्या आत द्या आणि पोच घ्या. दुकानाने पुढे पाठवल्याची तारीख धरू देऊ नका.

रद्द करण्याचं शुल्क १० टक्के असेल तर कशाच्या, तेही विचारा. मूळ किमतीवर ३०० होतात, परताव्यावर २५०.

जीएसटीचा भाग मात्र खरोखर चिवट आहे. २,५०० वर १८ टक्के म्हणजे ४५० रुपये मागायला हरकत नाही, पण विक्रेत्याला भरलेला कर वळता करून घ्यायला क्रेडिट नोट काढावी लागते, आणि तिची मुदत बिलाचं आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच असते. जानेवारी २०२४ च्या बिलासाठी ती ३० नोव्हेंबर २०२४ ला संपली. मे २०२५ मध्ये अर्ज दिल्यावर ‘कर परत मिळणार नाही’ हे उत्तर चिडवणारं असलं तरी बिनबुडाचं नाही. म्हणून प्लॅन नकोच असेल तर तो सुरू होण्याआधी आणि ही तारीख उलटायच्या आत रद्द करावा.

मशीन हप्त्यावर असेल आणि प्लॅनची रक्कम कर्जात मिसळलेली असेल, तर परतावा फायनान्स कंपनीकडे जाऊ शकतो. हप्ता तेवढाच राहतो, त्यामुळे कर्जाचा उतारा मागवून ती रक्कम जमा झाली का ते बघा.

हिशोबाची फोड लेखी मागा: शिल्लक महिने, भाजक, शुल्क, कर. द्यायला टाळाटाळ झाली तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवताना प्लॅनचं बिल आणि ईमेलची पोच हाताशी ठेवा.