रिकव्हरीचे २४०० रुपये, आणि फोटो मात्र माझ्याच खिशात

माझा फोन २०१८ चा, आतली जागा १६ जीबी. त्यातली बरीच सिस्टीमच खाऊन बसलेली, म्हणून २०१९ मध्ये मी त्यात ३२ जीबीचं मेमरी कार्ड टाकलं. तेव्हा स्क्रीनवर दोन पर्याय आले होते, Use as portable storage आणि Use as internal storage. फोनची जागा वाढतेय म्हटल्यावर मी दुसरा दाबला, आधीचे फोटोही कार्डावर हलवले आणि विषय विसरून गेलो.

पाच वर्षांनी कार्ड भरलं. स्टँडसमोरच्या एका मोबाइलच्या दुकानात गेलो आणि १२८ जीबीचं नवं घेतलं. काउंटरवरच्या पोरानं ट्रे ओढला, जुनं काढलं, नवं बसवलं, फोन चालू करून माझ्या हातात दिला. गॅलरी रिकामी. कॅमेरा उघडला तर तोही कार्ड टाका म्हणून अडून बसला, नवं कार्ड आत असताना!

मला घाम फुटला तो एका कारणानं. २०२२ मध्ये घर बांधलं तेव्हा प्लास्टर करण्याआधी प्रत्येक भिंतीचे फोटो मी काढून ठेवले होते. कुठून पाण्याचा पाइप गेलाय, कुठून वायरिंगचा, शेजारी टेप धरून. ते गेले तर उद्या कपाटासाठी खिळा मारायचीसुद्धा भीती.

तेवढ्यात मालक आले. त्यांनी जुनं कार्ड रीडरमध्ये घालून संगणकाला लावलं. स्क्रीनवर चौकट आली, हे कार्ड वापरायचं तर आधी फॉरमॅट करा. मॉनिटर माझ्याकडे वळवून म्हणाले, "बघा काका, कार्ड करप्ट झालंय. काढताना जातं असं कधीकधी. डेटा रिकव्हरी करावी लागेल. २४०० होतील, दोन दिवस फोन ठेवून जा. आणि पिन लिहून द्या." मी पिन लिहून दिला. हो, कागदावर. शिवाय "फोन एकदा रिसेट मारू का, स्वच्छ होईल" असंही विचारलं. त्याला मी नको म्हणालो, ते केवळ बँकेचं ॲप पुन्हा चालू करायचा कंटाळा म्हणून. हा कंटाळा किती कामाला आला ते पुढं कळलं.

दोन दिवसांनी पेन ड्राइव्ह मिळाला. "११४० फोटो निघाले, बाकीचे डॅमेज." जुनं कार्ड त्यांनी कागदाच्या पुडीत बांधून परत दिलं, तेवढं एक बरं केलं. घरी बघितलं तर भाचीचा साखरपुडा, गणपती, कोकणातली ट्रिप, सगळं होतं. घराचा एक फोटो नाही. मार्च २०२२ नंतरचा एकही फोटो नाही.

रविवारी भाची आली. तिनं आधी पेन ड्राइव्ह लावला. त्यात एकच फोल्डर, नाव Photos-001. ती हसायलाच लागली. "मामा, हे कार्डातून काढलेलं नाही. Google Photos वरून एकदम खूप फोटो डाउनलोड केले की अशी झिप फाइल उतरते. तुझा फोन त्यांच्याकडे, पिन त्यांच्याकडे. तुझ्याच अकाउंटमधले फोटो उतरवून तुलाच विकले."

मी ते ॲप कधी उघडलंच नव्हतं, पण बॅकअप पहिल्यापासून चालू राहिला होता. जून २०२१ पासून नवे फोटोही गूगलच्या फुकटच्या १५ जीबीत मोजले जातात. माझे १५ जीबी मार्च २०२२ मध्ये भरले, बॅकअप थांबला, आणि घराचं काम सुरू झालं मे महिन्यात. तारीख तंतोतंत जुळत होती. मेल चाळले तर फोन दुकानात होता त्याच दिवशी, नव्या विंडोज संगणकावर साइन-इन झाल्याची सूचना पडलेली. मी ती वाचलीच नव्हती.

मग तिनं विचारलं, "जुनं कार्ड कुठंय?" पुडी आणून दिली. फोन बंद करून तिनं नवं कार्ड काढलं, जुनं बसवलं, फोन चालू केला. मिनिटभर काही नाही. मग गॅलरीत चौकोन भरायला लागले. बाथरूमची भिंत, टेप, पांढरा पाइप. सगळे मिळून ४३०० च्या आसपास फोटो, १९ जीबी.

कार्ड खराब झालंच नव्हतं. Use as internal storage निवडलं की फोन ते कार्ड पुसून स्वतःच्या पद्धतीनं पुन्हा मांडतो आणि त्यावरचं सगळं कुलूपबंद करतो. किल्ली राहते फोनच्या पोटात. म्हणून तेच कार्ड संगणकाला किंवा दुसऱ्या फोनला लावलं तर त्याला काहीच ओळखता येत नाही, आणि तो फॉरमॅट करा म्हणतो. त्या चौकटीचा अर्थ कार्ड बिघडलं असा होत नाही. ते ज्या फोनमध्ये होतं त्यातच परत घालून बघायचं, बस. कार्ड portable असतं तर गोष्ट साधी होती; रीडरमध्ये DCIM फोल्डर उघडून सगळे फोटो समोर दिसले असते. सगळ्या फोनमध्ये internal ची सोय नसते आणि पर्यायांची नावंही फोनगणिक थोडी बदलतात. आठवत नसेल तर कार्ड काढायच्या आधी सेटिंगमध्ये Storage उघडून बघा.

आता रिसेटबद्दल. फोन रिसेट केला असता तर किल्ली पुसली गेली असती, आणि मग धडधाकट कार्डावरचे १९ जीबी कुणालाच उघडता आले नसते, कितीही पैसे मोजले तरी. तसंच Forget या बटणाचं. कार्ड बाहेर असताना Storage मध्ये त्याचं नाव तसंच दिसत राहतं, त्यावर दाबलं की Forget येतं. ते दाबलं तरी किल्ली गेली. पोरानं कंटाळून ते दाबलं नाही, हे माझं नशीब.

कार्ड बदलायचं काम मग भाचीनंच केलं. आधी केबलनं सगळे फोटो लॅपटॉपवर घेतले, संख्या जुळवली, मधले दहाबारा उघडून पाहिले. मग फोनवरचे काढून टाकले, कारण १९ जीबी फोनच्या आत मावणारच नव्हते. कार्डावर गेलेली ॲप्स फोनमध्ये हलवली, Migrate data नं उरलेलं आत आणलं, आणि मगच जुनं कार्ड काढलं. नवं portable म्हणून लावलं, कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फोटो साठवायची जागा कार्ड केली. गूगल अकाउंटमध्ये Your devices उघडून दुकानाचा संगणक साइन आउट केला, पासवर्ड आणि फोनचा पिनही बदलला.

सोमवारी दुकानात गेलो. मालकांना Photos-001 दाखवलं, साइन-इनचा मेल दाखवला. आधी म्हणाले, "काका, फोटो मिळाले ना तुम्हाला?" मी बिल मागितलं. त्यावर नुसतं 'सर्व्हिस चार्ज' लिहिलेलं. रिकव्हरी लिहून द्या, ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार करायची आहे, म्हटल्यावर त्यांनी गल्ला उघडला आणि १५०० रुपये काउंटरवर ठेवले. बाकीचे ९०० दोन दिवसांच्या मेहनतीचे म्हणे.