वन्सं रशियनमध्ये कशा पोचतात: थेट की इंग्रजीमार्गे?

मराठी मजकूर रशियनमध्ये न्यायचा तर बहुतेकांना आधी इंग्रजी भाषांतर सुचतं, कारण इंग्रजीतून रशियन करणारे सहज मिळतात आणि मराठी-रशियन दोन्ही जाणणारे फार थोडे. कोणती वाट घ्यावी हे ठरवायला तीन छोटी वाक्यं दोन्ही वाटांनी नेऊन पाहू.

«काल वन्सं आल्या होत्या. मी म्हणाले, तुम्ही बसा. आपण चहा घेऊ.»

इंग्रजीत हे सरळ होतं: माय सिस्टर-इन-लॉ केम यस्टरडे. आय सेड, प्लीज सिट. लेट्स हॅव टी. चूक एकही नाही. पण आता हा इंग्रजी मजकूर अशा रशियन भाषांतरकारापुढे ठेवा, ज्याने मूळ मराठी पाहिलेलंच नाही.

'आय सेड'पाशीच तो अडतो. रशियन भूतकाळात बोलणारी व्यक्ती पुरुष की स्त्री हे क्रियापदातच सांगावं लागतं: पुरुष असेल तर 'स्काझाल', स्त्री असेल तर 'स्काझाला'. मराठीतल्या 'म्हणालो' आणि 'म्हणाले'सारखंच. मराठीने ही माहिती दिली होती, रशियनला ती हवीच आहे, फक्त मधल्या इंग्रजीने ती गाळली. पुढेमागे खूण नसेल तर बहुधा पुल्लिंगच निवडलं जातं आणि निवेदन करणारी सून पुरुष होते.

मग नातंही सरकतं. रशियनमध्ये नणंदेला 'झालोव्का' असा स्वतंत्र शब्द आहे, मेहुणीला वेगळा, भावजयीला वेगळा. साडूलाही आहे, आणि दिराला 'देवेर' म्हणतात, जो आपल्या 'दीर'सारखाच संस्कृत 'देवृ'च्या कुळातला. म्हणजे दोन्ही भाषांच्या घरात ही माणसं वेगवेगळी उभी आहेत आणि इंग्रजी त्यांना एकाच खोलीत कोंबते. सिस्टर-इन-लॉचं भाषांतर भावजय असं झालं, तर सासरी बसलेली सून माहेरी पोचते. थेट भाषांतर करणारा 'झालोव्का' लिहील, किंवा आजच्या बोलण्यात सहज येणारं 'नवऱ्याची बहीण'. दोन्हींत घर तेच राहतं.

माझ्या मते सगळ्यात हळहळ वाटावी असं नुकसान 'आल्या होत्या'मध्ये होतं. इथे मराठी वाचकाला कळतं की वन्सं येऊन गेल्या, आता घरात नाहीत. रशियन हाच फरक नेमका दाखवते: 'प्रिखदीला' म्हणजे येऊन गेली, 'प्रिश्ला' म्हणजे आली, आणि बहुधा अजून इथेच आहे. इंग्रजी 'केम'वरून 'प्रिश्ला' होण्याचीच शक्यता जास्त, आणि पाहुणी घरातच राहते.

मात्र सगळं दूषण इंग्रजीला देणं बरोबर नाही. 'मला थंडी वाजत होती' हे इंग्रजीत 'आय वॉज कोल्ड' झालं तरी चांगला रशियन भाषांतरकार ते पुन्हा 'मला'च्या वळणावर आणतो, कारण रशियनची स्वाभाविक रचनाही तशीच आहे. इथे फक्त वाक्याचा साचा बदलला होता, माहिती शिल्लक होती. उलट काही गोष्टी थेट वाटेनेही पोचत नाहीत. 'आपण' आणि 'आम्ही' यांना रशियनमध्ये सर्वनाम एकच. तिसऱ्या व्यक्तीबद्दल आदराने अनेकवचनी 'आल्या' म्हणणं आजच्या रशियनमध्ये चालत नाही. 'तुम्ही बसा'मधलं 'तुम्ही' रशियनमध्ये आहे, पण जवळच्या नात्यात ते मानापेक्षा दुरावा दाखवू शकतं, म्हणून थेट भाषांतरकारालाही विचार करावाच लागतो. फरक इतकाच की त्याच्यासमोर विचार करायला ते 'तुम्ही' असतं.

तेव्हा पाककृती, यंत्राची माहिती, प्रवासाचं वेळापत्रक असेल तर इंग्रजीमार्गे खुशाल जा. कथा, पत्रं, आठवणी, कुणाचा जबाब असेल तर थेट भाषांतरकारासाठी थांबावं, उशीर झाला तरी. तोही मिळत नसेल, तर इंग्रजी मजकूर नुसता पाठवू नका. बोलणारी स्त्री आहे, ही नवऱ्याची बहीण, त्या परत गेल्या आहेत, संबोधन आदरार्थी आहे, अशा टिपा वाक्यागणिक जोडा. वरच्या तीन वाक्यांना या चार टिपा पुरतात.

तपासणीतही एक फसगत आहे. तयार रशियन मजकूर पुन्हा इंग्रजीत आणून मूळ इंग्रजीशी ताडला, तर 'स्काझाल'चं 'सेड' आणि 'प्रिश्ला'चं 'केम' होतं आणि सगळं जुळलेलं दिसतं. त्यापेक्षा रशियन वाचणाऱ्या कुणालाही तीन प्रश्न विचारा: बोलणारी व्यक्ती पुरुष की स्त्री? आलेली बाई तिची कोण? ती अजून घरात आहे का?