मोदक, पुरणपोळी की श्रीखंड : जेवणाआधीच्या आणि नंतरच्या नोंदींवरून निवड

मधुमेह असलेल्या व्यक्तीने सणाच्या पानातून कोणता गोड पदार्थ निवडावा, याचे उत्तर पदार्थांच्या यादीत शोधण्याची आपली सवय आहे. ग्लुकोमीटरने जेवणाआधी आणि जेवणानंतर घेतलेल्या दोन नोंदींमधला फरक मात्र एकट्या पदार्थाचा नसून संपूर्ण पानाचा असतो. त्यामुळे तुलना करायची ती मोदकाच्या पानाची पुरणपोळीच्या पानाशी आणि या दोन्हींची आपल्या रोजच्या जेवणाशी. ही तुलना सणाच्या दिवशी करून उपयोग नाही, कारण त्या दिवशी जेवणाची वेळ, पदार्थांची संख्या आणि वाढणाऱ्यांचा आग्रह या सगळ्याच गोष्टी बदललेल्या असतात. ती आधीच्या एखाद-दोन रविवारी घरी करून ठेवावी.

प्रथम पदार्थांतील कर्बोदकांचा अंदाज घ्यावा. मध्यम आकाराच्या उकडीच्या मोदकात तांदळाची उकड आणि गूळ मिळून सुमारे 25 ते 30 ग्रॅम कर्बोदके असतात. दोनशे ग्रॅम हरभरा डाळ, तेवढाच गूळ आणि दीडशे ग्रॅम कणीक यांच्या नऊ पोळ्या केल्या, तर एका पुरणपोळीत साधारण 40 ते 45 ग्रॅम येतात. अर्धा किलो चक्क्याला चारशे ग्रॅम साखर या प्रमाणातले श्रीखंड शंभर ग्रॅम, म्हणजे एक लहान वाटी घेतले, तरी तेवढीच कर्बोदके पोटात जातात आणि पुऱ्यांची वेगळी. साखरेऐवजी गूळ घातल्याने या हिशेबात म्हणण्यासारखा फरक पडत नाही. ‘शुगर फ्री’ म्हणून मिळणाऱ्या खजूर-अंजिराच्या वड्यांतही मूळ फळाची साखर भरपूर असते, हे सांगितले की पुष्कळांचा विरस होतो.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, अठ्ठावन्न वर्षांच्या एका गृहस्थांना फक्त मेटफॉर्मिन चालू आहे आणि जेवणानंतरची साखर 180 मिलिग्रॅमच्या आत ठेवण्यास डॉक्टरांनी सांगितले आहे. दोन पोळ्या, भाजी, वरण आणि वाटीभर भात या नेहमीच्या जेवणाआधी त्यांची नोंद 116 आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी 160 येते, वाढ 44. पुढच्या रविवारी त्यांनी याच जेवणात दोन मोदकांची भर घातली, तेव्हा 118 वरून साखर 204 पर्यंत गेली. त्यानंतरच्या रविवारी मोदक दोनच ठेवले, पण भात पूर्ण वगळला आणि एक पोळी कमी केली. या वेळी 120 वरून 168. मोदकांची संख्या तीच असताना वाढ 86 वरून 48 वर आली, म्हणजे त्यांच्यापुरता निर्णय मोदक खावा की नाही हा नसून मोदकांसाठी पानातले काय सोडावे हा आहे.

येथे यंत्राची मर्यादा लक्षात ठेवावी लागते. शंभराच्या वरच्या नोंदीत प्रयोगशाळेच्या मोजणीपेक्षा पंधरा टक्क्यांपर्यंतचा फरक चांगल्या ग्लुकोमीटरलाही मान्य असतो; म्हणजे 160 ही नोंद प्रत्यक्षात 136 पासून 184 पर्यंत काहीही असू शकते. म्हणून 44 आणि 48 यांच्यातील फरकाला अर्थ नाही. 44 आणि 86 यांच्यातील फरकाची दखल घ्यावी, तीही शक्यतो तीच थाळी पुन्हा एकदा मोजून. दुसरी अडचण अधिक साधी आहे. मोदक वळलेल्या, जिलेबी उचललेल्या किंवा फळे चिरलेल्या बोटांवर साखर राहते आणि त्यावर आलेला रक्ताचा थेंब साखर खोटीच वाढवून दाखवतो. अनपेक्षित मोठा आकडा आला तर साबणाने हात धुऊन, पुसून कोरडे करून दुसरे बोट टोचावे. नुसते सॅनिटायझर त्यासाठी पुरेसे नाही.

पुरणपोळीच्या बाबतीत दोन तासांची नोंद फसवी ठरू शकते. डाळीतील प्रथिने व तंतू आणि वर घेतलेले तूप यांमुळे जठर सावकाश रिकामे होते, त्यामुळे साखरेचा उच्चांक उशिरा येतो. आपल्या उदाहरणातील गृहस्थांनी दीड पुरणपोळी, कटाची आमटी आणि भाजी असे भाताविना जेवण घेतले, तर दोन तासांनी 158 आणि तीन तासांनी 181 असे चित्र दिसणे शक्य आहे. केवळ दुसरी नोंद पाहणारा पुरणपोळीला मोदकापेक्षा उजवी ठरवील. उलट मोदकातील तांदळाची उकड लवकर पचते, म्हणून त्याचा उच्चांक तासाभरातच येऊन ओसरलेला असू शकतो. तेव्हा या दोघांची तुलना करताना मोदकाच्या पानाला एक तासाची आणि पुरणपोळीच्या पानाला तीन तासांची एक जादा नोंद द्यावी. स्ट्रिपा खर्च होतात, पण एकदाच. माझा कौल मोदकाकडे झुकतो, तो त्याच्या गुणांमुळे नव्हे, तर मोदक मोजून खाता येतो आणि श्रीखंडाच्या वाटीत दुसरा डाव केव्हा पडला हे कळत नाही म्हणून.

लग्नात ही शिस्त पाळणे अवघड असते, आणि पंगतीपेक्षा बुफेत अधिक. पंगतीत आग्रह होतो, पण पानावर किती पडले ते दिसते आणि पहिल्या घासाची वेळ निश्चित असते. बुफेत स्वागताचे सरबत, चाटचे काउंटर, मुख्य जेवण आणि शेवटी आइस्क्रीम असा दीड तास सहज जातो. आधीची नोंद सरबतापूर्वीच घ्यायला हवी. नंतरची नोंद चाटपासून दोन तासांनी घेतली, तर गोड खाऊन त्या वेळी जेमतेम अर्धा-पाऊण तास झालेला असतो. म्हणून ती शेवटच्या गोडानंतर दोन तासांनी घ्यावी आणि घरच्या नोंदींशी तिची तंतोतंत तुलना करू नये. रात्रीच्या स्वागत समारंभात हे शक्य नसेल, तर दुसऱ्या दिवशीची उपाशीपोटीची नोंद घ्यावी; उशिराच्या तेलकट जेवणाचा परिणाम तिच्यात बऱ्याचदा दिसतो.

आधीची नोंदही निर्णयासाठीच असते. ती नेहमीसारखी 120 च्या आसपास असेल, तर घरी ठरवलेले प्रमाण घ्यावे. ती आधीच 180 च्या वर असेल, तर त्या जेवणापुरते गोड घासभर चाखून थांबावे, गोळी मनाने वाढवू नये. इन्सुलिन, ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड घेणाऱ्यांसाठी उलटी स्थिती अधिक घातक असते. मुहूर्त लांबून पंगत तीन वाजता बसली आणि सकाळचा डोस घेतलेला असला, तर साखर 70 च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वाटणे ही लक्षणे दिसताच मोजावे, मोजता येत नसेल तर तसेच पुढे जावे आणि तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यातून घ्यावी. पेढा, बर्फी किंवा श्रीखंड त्या वेळी कामाचे नाही, कारण त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात सावकाश उतरते. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजून नोंद 70 च्या वर आली नसेल तर तेच परत करावे. सणाच्या जेवणासाठी सकाळपासून उपाशी राहण्याचा किंवा डोस पुढेमागे करण्याचा विचार या औषधांवरील व्यक्तींनी डॉक्टरांना आधी विचारल्याशिवाय करू नये.